मास्टर पासवर्ड विसरलो, पण फोनवर उघडतंय

> बिटवॉर्डनचा मास्टर पासवर्ड विसरलो. फोनवर बोटाच्या ठशाने ॲप उघडतंय. रिकव्हरी कोड लिहून ठेवलाय, त्याने काम होईल का?

नाही होणार. तो कोड फक्त टू-स्टेप लॉगिन बंद करतो आणि तो वापरतानाही मास्टर पासवर्ड लागतोच. कंपनीकडे तुमचा पासवर्ड नसतो, त्यामुळे तिथून फार तर तुम्हीच लिहिलेली हिंट मेलवर येईल.

मात्र फोनवरून लॉगआउट करू नका, ॲपही काढू नका. एक्स्पोर्टला मास्टर पासवर्ड मागतात, म्हणून एकेक नोंद हाताने उतरवा, आधी ईमेल आणि बँक. कंटाळवाणं आहे, पण आज तोच खरा मार्ग.

इमर्जन्सी ॲक्सेस, म्हणजे विश्वासातल्या माणसाला गरजेला आपल्या खात्यात येऊ देण्याची सोय, आधीच लावून ठेवला असेल तरच उपयोगी. आमच्या ताईने भाऊजींना नेमलं होतं, Takeover आणि सात दिवसांची मुदत. (नुसतं View असतं तर भाऊजींना नोंदी दिसल्या असत्या, पासवर्ड बदलता आला नसता.) भाऊजींनी विनंती टाकली, ताईने नाकारली नाही, आठव्या दिवशी त्यांनी नवा मास्टर पासवर्ड ठेवला. नोंदी सगळ्या मिळाल्या. टू-स्टेप लॉगिन मात्र बंद झालं, आणि ऑफिसच्या ऑर्गनायझेशनमधून ताई बाहेर पडली, कारण तिथली ओनर ती नव्हती.

नेमलेल्या माणसाने निमंत्रण स्वीकारल्यावर आपल्या बाजूने Confirm करणं बरेच जण विसरतात. तेवढं राहिलं असेल तर समोरच्याला विनंतीच टाकता येत नाही.