जुलाबाची गोळी मागितली, केमिस्टने उलटतपासणी घेतली

त्रस्त_सिंहगडरोड
काल रात्री साडेनऊला कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेलो. आई ६८ वर्षांची, सकाळपासून आठ-नऊ जुलाब, दोन उलट्या. बंद व्हायची गोळी मागितली. काउंटरवरच्या पोराने सगळ्यांसमोर विचारलं, रक्त पडतंय का, लघवी शेवटची कधी झाली, कुठल्या गोळ्या चालू आहेत. बीपी आणि शुगर म्हटल्यावर गोळी दिलीच नाही. ओआरएसच्या दोन पुड्या हातात दिल्या आणि म्हणे आजच डॉक्टरांना दाखवा. शेजारच्या दवाखान्याशी साटंलोटं असणार, दुसरं काय. औषधं विकायला बसलात ना, मग विका की!

काउंटरपलीकडून
साटंलोटं असतं तर त्याने गोळीही विकली असती आणि दवाखानाही दाखवला असता. त्याने हातातली विक्री सोडली, तेवढं आधी लक्षात घ्या.

जुलाबाचं गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न 'कोणासाठी' हा, कारण समोर उभा असतो तो धडधाकट, आजारी माणूस घरी असतो. तिशीतल्या माणसाला कालपासून चार-पाच वेळा झालीय, ताप नाही, रक्त नाही, प्यायलेलं पोटात टिकतंय, तर ओआरएस द्यायचं आणि दोन दिवसांत उतार पडला नाही तर डॉक्टर गाठा म्हणायचं. तुमच्या आईच्या बाबतीत वय, उलट्या आणि गोळ्या अशी तीन उत्तरं उलट्या बाजूला पडली.

त्यातलं गोळ्यांचं उत्तर सगळ्यात जड. बीपीच्या गोळीत बऱ्याचदा टेल्मिसार्टनला लघवी वाढवणारं औषध जोडलेलं असतं. अंगातलं पाणी जुलाबातून चाललंच आहे, ही गोळी ते लघवीतूनही काढते. पाणी कमी पडलं की मूत्रपिंड आतला दाब राखून गाळण कसंबसं चालू ठेवतं, आणि टेल्मिसार्टन नेमका तोच मार्ग अडवतं. बीपी खाली, मूत्रपिंड मंद. शुगरची गोळी मेटफॉर्मिन असेल तर ती बाहेर पडते मूत्रपिंडातूनच, म्हणजे ती साचायला लागते. म्हणून 'लघवी कधी झाली' हा प्रश्न. तो तुम्हाला चव्हाट्यावर आणायला विचारला नव्हता. सहा-आठ तास लघवी नाही, किंवा झाली ती घोटभर आणि गडद, उठताना डोळ्यांपुढे अंधारी, यातलं एक जरी असेल तरी सकाळची वाट पाहायची नाही. आज कुठली गोळी थांबवायची ते डॉक्टर ठरवतील. काउंटरवरून ना 'चालू ठेवा' म्हणता येतं, ना 'बंद करा'.

आता तुमची ती गोळी. लोपेरामाइडने आतड्याची हालचाल मंदावते, गेलेलं पाणी आणि मीठ काही परत येत नाही. संडासच्या फेऱ्या थांबल्या म्हणून घरचे निर्धास्त होतात आणि म्हातारं माणूस सुकत जातं. आव, रक्त आणि ताप असेल तर घाण आतच कोंडते आणि आतडं फुगू शकतं. वयस्कर माणसांत आणखी एक फसगत होते. पाच-सहा दिवस पोट साफ नसतं, खडा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेने पातळ झिरपत राहतं. घरचे त्यालाच जुलाब म्हणतात. तिथे ही गोळी म्हणजे आगीत तेल. 'त्याआधी पोट साफ होत होतं का' हे त्याने विचारलं नसेल, तर तेवढी एक चूक मी त्याच्या नावावर लिहितो.

सदाशिव_तीस
केवढा गहजब! ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची पट्टी आमच्या घरात कायम असते. दोन गोळ्या घेतल्या की पोट ताळ्यावर. आणि शुगरवाल्या बाईंना ओआरएस? साखरच असते की त्यात. हे शिकलेले केमिस्ट!

डॉ_वारजे
दोन गोळ्यांनी बरं वाटतं, कारण बहुतेक जुलाब दोन-तीन दिवसांत आपोआपच थांबतात. श्रेय गोळीला जातं. रक्त-आव आणि ताप असलेल्या जुलाबात अँटिबायोटिक लागतं, इतपत तुमचं बरोबर. पण कुठलं आणि किती दिवस हे पट्टी बघून ठरत नाही, आणि दोन गोळ्या घेऊन सोडणं तर सगळ्यात वाईट. गेल्या महिन्या-दोन महिन्यांत अँटिबायोटिक घेतलं असेल आणि आता जुलाब लागले असतील, तर ते त्याच औषधाचं देणं असू शकतं. त्यावर पुन्हा घरची पट्टी काढू नका.

ओआरएसमध्ये लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. ते गोडीसाठी घातलेलं नाही. आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत घेतले जातात, पाणी त्यांच्यामागून येतं. ती जोडी जुलाबातही शाबूत असते, म्हणून पुडी काम करते. शुगरवाल्यांनी ते घ्यावं, फक्त साखर तपासत राहावं.

आणि 'काउंटरपलीकडून', तुम्हालाही एक सांगतो. तिशीतल्या माणसाला 'ओआरएस घ्या, जा' म्हणण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? पोट हाताने दाबून बघितलंत?

काउंटरपलीकडून
नाही बघितलं. तुमच्या बाहेरच्या खोलीत पन्नास माणसं बसलेली असताना तुम्ही तरी दरवेळी बघता? पोटात एकाच जागी दुखतंय का, हात लावू देत नाही का, हे मी विचारतो. उत्तर 'हो' आलं की तुमच्याकडेच पाठवतो. साधे जुलाबही सगळे तुमच्या दारात आणून सोडले तर खरा आजारी माणूस रांगेत मागे पडेल.

दोन_पोरांची_आई
विषय ओआरएसचा आहे म्हणून विचारते. माझ्या दीड वर्षाच्या मुलाला मागे जुलाब झाले तेव्हा मेडिकलमध्ये ओआरएस मागितलं. त्यांनी सफरचंदाच्या चवीचा तयार डबा दिला. मुलाने आवडीने प्यायला आणि जुलाब वाढले. डबा खराब होता का?

डॉ_वारजे
डबा खराब नव्हता, ते ओआरएसच नव्हतं. अशा पेयांत १०० मिलिलीटरमागे आठ-दहा ग्रॅम साखर सहज सापडते, म्हणजे पुडीच्या कित्येक पट. एवढी साखर आतड्यात शोषली जात नाही, उलट अंगातलं पाणी आतड्यात ओढते आणि जुलाब वाढतात. हैदराबादच्या डॉ. शिवरंजनी संतोष यांनी यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा कुठे ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' वापरायची परवानगी काढून घेतली. तोवर काउंटरवरून हेच विकलं जात होतं. यावर केमिस्ट मंडळी काय म्हणतात?

काउंटरपलीकडून
म्हणतात की चुकलं. ज्यांनी विकलं त्यांनी पुडीवर दोन रुपये आणि डब्यावर दहा सुटतात म्हणून विकलं, हे मी नाकारत नाही. पण कागदाच्या तुकड्यावर तेच डबे लिहून देणारे डॉक्टरही मी काउंटरवर रोज पाहत होतो. नावं घेत नाही.

डॉ_वारजे
घेऊ नका. माझंच अक्षर निघालं तर पंचाईत.

सदाशिव_तीस
दोघांनी मिळून लोकांना साखरेचं पाणी पाजलं, आणि आम्ही घरात एक पट्टी ठेवली तर गुन्हेगार!

काउंटरपलीकडून
अहो, ती पट्टी चिठ्ठीशिवाय मिळता कामा नये. तुम्हाला देणाऱ्याने नियम मोडला, त्यात मिरवण्यासारखं काय आहे?

ताईंसाठी: पुढच्या वेळी 'डब्ल्यूएचओ फॉर्म्युला' लिहिलेली पुडीच मागा आणि ती किती पाण्यासाठी आहे ते मागे वाचा. मोठी पुडी एक लिटरची असते, छोटी २०० मिलिलीटरची. तेवढ्याच पाण्यात ती पूर्ण ओतायची, उरलेलं २४ तासांनी फेकायचं. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलीटर, चमच्याचमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, अजून सावकाश. सहा महिन्यांवरच्या मुलाला झिंक २० मिलिग्रॅम रोज, १४ दिवस. जुलाब चौथ्या दिवशी थांबले तरी झिंक थांबवायचं नाही. अंगावर पाजत असाल तर ते चालू ठेवा. लोपेरामाइड एवढ्या लहान मुलाला कधीही नाही. मूल मरगळलं, डोळे खोल गेले, पिऊच शकत नाही, शीमध्ये रक्त दिसलं, तर काउंटरवर न थांबता थेट डॉक्टर. सहा महिन्यांखालचं बाळ असेल तर मी यातला एकही प्रश्न विचारत नाही, सरळ पाठवतो.

धायरीकर
सिंहगड रोडवर राहून कोणी पायांबद्दल बोलत नाही याचं आश्चर्य वाटतं. जानेवारी २०२५ विसरलात का? किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी. आधी पोट बिघडलं, मग गुइलेन-बॅरे, हातपाय लुळे पाडणारा नसांचा आजार. आता कोणालाही जुलाब झाले की आमच्याकडे लोक घाबरून रुग्णालयात पळतात, आणि बरोबरच करतात.

डॉ_वारजे
आठवण बरोबर, निष्कर्ष नाही. तेव्हा रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला होता. पण त्या जंतूने जुलाब झालेल्यांतल्या फार थोड्यांनाच नसांचा त्रास होतो. आणि तो त्रास जुलाबांबरोबर येत नाही, मागाहून येतो. पोट बरं झालेलं असतं, आठवडा-दोन आठवडे जातात आणि मग दोन्ही पायांना मुंग्या, जिना चढताना गुडघे दुमडणं, चप्पल पायातून निसटणं. तेव्हा पळायचं, आणि त्याच दिवशी. गिळताना किंवा श्वास घेताना त्रास असेल तर थेट अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात.

धायरीकर
म्हणजे केमिस्टकडे तो माणूस जुलाबासाठी येणारच नाही.

काउंटरपलीकडून
नाही. तो येतो बी-१२च्या गोळ्या मागायला, 'पायात मुंग्या येतात' म्हणून. हे मीही कबूल करतो की तिथे आमच्यातले बरेच जण पट्टी कापून देतात. 'दोन्ही पायांना का? किती दिवसांत वाढलं? मागे पोट बिघडलं होतं का?' हे विचारायला हवं. वर्षभराच्या मुंग्या वेगळ्या, तीन दिवसांत तळव्यावरून गुडघ्यापर्यंत चढलेल्या वेगळ्या.

डॉ_वारजे
हे मात्र मला सुचलं नव्हतं. पण मोठ्या माणसाला चिठ्ठीशिवाय लोपेरामाइड द्यायला माझा विरोध कायम.

काउंटरपलीकडून
ताप नाही, रक्त नाही, पहाटेची बस पकडायची आहे, धडधाकट माणूस आहे. दोन मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या देईन, दोन दिवसांपुढे घेऊ नका असं सांगून. तुमचा विरोध लिहून ठेवला.

त्रस्त_सिंहगडरोड
तुमचं भांडण संपलं असेल तर एक विचारतो. साटंलोटं म्हणालो ते राहू द्या. डॉक्टरांकडे अजून नेलेलं नाही. पुड्या दिल्या आईला. एक अख्खी पुडी एका ग्लासात ढवळून दिली, खारट लागतंय म्हणाली म्हणून वर लिंबू पिळलं. आज पहाटे दुसरी, तशीच. जुलाब कमी आहेत, पण ती सारखी पाणी मागतेय आणि झोपून आहे.

काउंटरपलीकडून
पुडी मोठी होती का? मागे 'एक लिटर' लिहिलंय?

त्रस्त_सिंहगडरोड
हो. एक लिटर.

डॉ_वारजे
म्हणजे पाचपट खारं पाणी पाजलंत, तेही दोनदा. अंगात मीठ जास्त झालंय, तहान त्याचीच असू शकते. हाक मारल्यावर नीट ओ देते का? लघवी केव्हा झाली?

त्रस्त_सिंहगडरोड
बोलते, पण तुटक. लघवी काल संध्याकाळी.

डॉ_वारजे
इथे टाइप करत बसू नका. आत्ता घेऊन निघा. तिच्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या आणि ओआरएसची रिकामी पाकिटं बरोबर न्या, आणि सोडियम-क्रिएटिनिन तपासायला सांगा.