सेल्फीत नाक मोठं दिसायलंय

"वेरूळला कैलास लेण्यासमोर हात लांब करून सेल्फी काढला, नाक भलतंच मोठं दिसायलंय अन् कान गायब. बायोडाटाला लावायचाय, नीट होईल का?"

दादा, असं झालं की लोक लेन्सला दोष देतेत पण खरं कारण अंतर आहे. समजा मोबाईल नाकापासून ४० सेंमीवर होता, कान त्याच्या १२ सेंमी मागं म्हणजे ५२ वर, तर ५२ भागिले ४० म्हणजे नाक कानाच्या मानानं ३० टक्के मोठं येणारच. तेच दीड मीटरवरून फक्त ८ टक्के.

आहे त्या फोटोवर फोटोशॉपमधी Filter > Liquify उघडा, Nose Width थोडं कमी करा अन् Forehead जरासं, पण हळू हळू, मागच्या खांबाची रेघ वाकली की समजायचं जास्त झालं. गालामागं लपलेले कान मात्र त्यानं येत नाहीत, ते फोटोत नाहीतच ना.

म्हणून बायोडाटासाठी नवाच काढा. मोबाईल डोळ्याच्या उंचीवर टेकवा, मागच्या कॅमेऱ्यानं, १० सेकंदाचा टायमर लावून दीड-दोन मीटर मागं उभं ऱ्हा अन् नंतर क्रॉप करा. क्रॉप केल्यानं चेहऱ्याचं प्रमाण बदलत नाही, फक्त पिक्सेल कमी होतेत, बायोडाटाच्या साईजला तेवढे लई झाले.