मदत हवी आहे: चाळिशीसाठी साधी काच, बायफोकल की प्रोग्रेसिव्ह?

खडू_फळा
मी पंचेचाळीस वर्षांची असून माध्यमिक शाळेत गणित शिकवते. दोन्ही डोळ्यांना पूर्वीपासून मायनस 2.25 नंबर आहे. गेल्या वर्षभरात चष्मा लावून वह्या तपासताना 3 आणि 8 यांतला फरक कळेनासा झाला, पण चष्मा कपाळावर सरकवला की तीच वही लख्ख दिसते. घरी असे चालते. वर्गात मात्र वहीतून मान वर करून फळ्याकडे आणि मुलांकडे पाहावे लागते, त्यामुळे एका तासात चष्मा पंचवीस वेळा तरी वरखाली होतो. डॉक्टरांनी आता जवळसाठी 1.50 ची अॅडिशन लिहून दिली आहे. दुकानदार प्रोग्रेसिव्हचाच, म्हणजे वरून खाली नंबर हळूहळू बदलत जाणाऱ्या बिनरेषेच्या काचेचाच, आग्रह धरत आहेत आणि तिची किंमत बायफोकलच्या कितीतरी पट आहे. माझ्या कामासाठी नेमके काय घ्यावे?

मोकळा_वेळ
मी स्वतः प्लस 1.50 चा तयार चष्मा खिशात ठेवतो आणि वाचताना लावतो. एवढ्यासाठी इतका खर्च कशाला करायचा?

नदीकाठ
बायफोकल घेऊ नका. तिच्यातून दूरचे दिसते आणि पुस्तक दिसते, पण संगणकाचा पडदा दोन्ही भागांतून धूसर दिसतो. माझ्या वडिलांचा हाच अनुभव आहे.

काच_आणि_कडा
मी वीस वर्षे डोळे तपासून चष्मे बसवण्याचे काम करतो आहे. मोकळा_वेळ, तुम्हाला बहुधा दूरचा नंबर नसावा, म्हणून तयार चष्मा चालतो. बाईंनी तो नुसता लावला, तर त्यांना वही डोळ्यांपासून सव्वीस-सत्तावीस सेंटीमीटरवर धरावी लागेल. मायनस 2.25 चा डोळा चष्म्याशिवाय साधारण 44 सेंटीमीटरपर्यंत स्वच्छ पाहतो आणि वही त्याच टप्प्यात असते, म्हणून त्यांना चष्मा काढल्यावर सुखाने वाचता येते. घरी दोन तास वह्या तपासायच्या असतील, तर बाई, तेच चालू ठेवावे. त्यासाठी पैसे खर्च करण्याचे कारण नाही.

नदीकाठ यांचे म्हणणे वडिलांच्या वयाला लागू आहे. अॅडिशन 2.25 किंवा 2.50 झाली की बायफोकलचा खालचा भाग 40 ते 45 सेंटीमीटरपुढे धूसर होतो आणि पडदा मधल्या पट्ट्यात अडकतो. 1.50 ला मात्र तो भाग 65 सेंटीमीटरच्या आसपासपर्यंत चालतो, म्हणजे गुण भरण्याचा संगणकही त्यात बसतो. बायफोकलची खरी अडचण वेगळी आहे: नजर रेषेवरून खाली जाताना वस्तू उडी मारल्यासारखी सरकते आणि ही रेषा समोरच्या माणसालाही दिसते.

तरीही फळा ते वही अशी सतत ये-जा असल्यामुळे मी तुम्हाला प्रोग्रेसिव्ह सुचवेन. तिच्या दोन्ही बाजूंना खाली जो धूसरपणा असतो, तो अॅडिशनबरोबर वाढत जातो, म्हणून 1.50 ला सवय लवकर होते. एक अट मात्र आहे. फ्रेम नाकावर नेहमीसारखी बसवून समोर पाहा आणि बाहुलीच्या मध्यापासून काचेच्या खालच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून घ्या. ते 18 मिलिमीटरच्या आसपास असले तर निवडीला वाव राहतो. फार कमी असले तर वाचनाचा भाग कापला जातो.

पायवाट
माझी प्रोग्रेसिव्ह दुकानात फ्रेम चेहऱ्यावर न लावताच मापली होती. वाचताना हनुवटी उचलावी लागायची आणि महिनाभर मान दुखत होती. दोष डोळ्यांचाच असेल, असे मी समजत राहिले.

काच_आणि_कडा
हनुवटी उचलावी लागत असेल, तर काच खाली बसली आहे. उलट, दूरचे पाहताना हनुवटी छातीकडे न्यावी लागत असेल, तर ती वर बसली आहे. नवी काच घेताना फ्रेम चेहऱ्यावर असतानाच नमुन्याच्या काचेवर पेनाने बाहुलीची खूण करून घ्यावी. डाव्या आणि उजव्या डोळ्याचे अंतर नाकाच्या मध्यापासून वेगवेगळे मोजावे, कारण दोन्ही बाजू क्वचितच सारख्या असतात.

खडू_फळा
मुलीला पट्टी धरायला लावून मोजले, तर माझ्या फ्रेममध्ये अंतर 14 मिलिमीटर भरले. म्हणजे फ्रेमही बदलावी लागणार असे दिसते. शाळेत वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे, म्हणून जिन्याची काळजी वाटते.

पायवाट
जिना उतरताना पायरी वाचनाच्या भागातून दिसते आणि धूसर वाटते. मी मान वाकवून वरच्या भागातून पाहते, पण हातात वह्यांचा गठ्ठा असला की ते जमत नाही.

काच_आणि_कडा
हे बायफोकललाही आहेच. 14 मिलिमीटरसाठी आखूड रचनेच्या काचा मिळतात, पण त्यांत संगणकासाठीचा मधला भाग अरुंद होतो. मी असतो, तर आधी फ्रेम बदलली असती. जिन्यासाठी काही जण जुना साधा चष्मा जवळ ठेवतात, पण तास बदलताना दोन चष्मे सांभाळणे तुम्हाला जमेल का, हे तुम्हीच ठरवावे.

खडू_फळा
पुढच्या शनिवारी मोठ्या फ्रेमा पाहायला जाते. खूण करून घेतली की मोजलेले आकडे इथे लिहीन.