द्राक्षबागेवरच्या लेखाची सुरुवात: आधी पार्श्वभूमी की आधी उपयोग?

ओझरकर: पहिल्या चार ओळींतच वाचकाला पकडावे आणि त्याला काय मिळणार हे सांगून टाकावे, हा आग्रह मला बाजारू वाटतो. चांगला वाचक संयमाने वाचतो. आधी पार्श्वभूमी, मग मुद्दा, हीच आपली रीत आहे.

गोदाकाठ: मी बागायतदारांचे लेख संपादित करतो, म्हणून हे मनाला लागले. द्राक्षांवरच्या डाऊनी रोगाबद्दलच्या एका लेखाची सुरुवात ‘नाशिक जिल्हा द्राक्षांसाठी प्रसिद्ध असून’ अशी होती. निफाडच्या माणसाला हे कशासाठी सांगायचे? ऑक्टोबर छाटणी झालेली, कोवळ्या फुटीवर पाऊस पडलेला, आणि तो चिंतेत आहे. तो परिच्छेद काढल्यावर पुढचे एकही वाक्य अडले नाही; सुरुवात निरुपयोगी असल्याची हीच खूण. मग आम्ही लिहिले: ‘कोवळ्या फुटीवर पाऊस झाल्यानंतर पानांवर तेलकट पिवळे डाग दिसले, तर पान उलटून पाहा. खाली पांढरी बुरशी असेल, तर हा डाऊनीच आहे. फुलोऱ्यापर्यंत घड कसे वाचवायचे आणि फवारणी कशामुळे वाया जाते, ते पुढे वाचा.’ आधी वाचकाची अडचण, मग लगेच करण्याजोगे काम, मग वचन.

शेतमाती: वाचकाला पकडायचेच असेल, तर ‘एका रात्रीत बाग जाते’ असे लिहा. सगळे वाचतील.

गोदाकाठ: वाचतील, पण ते खोटे आहे. लागण झाल्यावर डाग दिसायला काही दिवस जातात, आणि सावध होण्याची वेळ त्याआधीच, पावसानंतर लगेच असते. भीती घालणारे हे वाक्य नेमकी तीच वेळ झाकून टाकते.

सुमनताई, नाशिकरोड: माझे दुखणे निराळे आहे. ‘फवारणी आणि काढणी यांतील अंतराचा तक्ता शेवटी दिला आहे’ असे मी सुरुवातीला लिहिले होते. पुरवणीत जाहिरात आली आणि शेवटचा भाग, तक्त्यासह, कापला गेला. वचन छापले गेले, तक्ता नाही. वाचकांनी मला विचारले, छापणाऱ्यांना नाही.

गोदाकाठ: जागा कमी पडली की कापणी बहुधा शेवटाकडून होते, ताई. ज्याचे वचन पहिल्या परिच्छेदात दिले, ते दुसऱ्यातच यायला हवे होते.

सुमनताई, नाशिकरोड: म्हणजे कापणारे निर्दोष आणि दोष माझा? तक्त्याआधी औषधांची ओळख नको का? कोणते औषध कशासाठी हे कळल्याशिवाय नुसते दिवसांचे आकडे वाचून कोणी चुकीची फवारणी केली, तर जबाबदार कोण?

गोदाकाठ: हा प्रश्न रास्त आहे. तेव्हा ओळख आणि अंतर एकाच ओळीत द्या. तक्त्याची वाट पाहायला लावू नका.

ओझरकर: डाऊनीपुरते मान्य करतो, कारण तिथे उशीर परवडत नाही. पण गोदाघाटावरच्या ललित लेखात ‘आपल्याला काय मिळेल’ हे कोणी आधी सांगितले, तर मी तिथेच पान उलटीन.

शेतमाती: आणि घाटाची पार्श्वभूमी पानभर चालली, तर मी उलटीन.