सल्ला हवा: धर्म-अभ्यासाच्या निबंधाची प्रस्तावना आणि मुख्य दावा (खर्डा दिला आहे, चिरफाड करा)

अर्धविराम
एम.ए. पहिलं वर्ष, धर्म-अभ्यासाचा पेपर. प्रश्न असा: "१९५६ च्या नागपूर येथील धर्मांतराचे स्वरूप बावीस प्रतिज्ञांच्या आधारे स्पष्ट करा." मर्यादा १५०० शब्द. माझी प्रस्तावना ही:

"अनादी काळापासून मानवी जीवनात धर्माला अनन्यसाधारण महत्त्व आहे. धर्म म्हणजे समाजाला धारण करणारी शक्ती होय. भारत ही अनेक धर्मांची भूमी आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी नागपूर येथे लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. ही घटना भारताच्या इतिहासात अत्यंत महत्त्वाची आहे. प्रस्तुत निबंधात बावीस प्रतिज्ञांचा आढावा घेऊन त्यांचे महत्त्व स्पष्ट केले आहे."

समासात लाल शाईने शेरा आलाय: "थीसिस कुठे आहे?" प्रश्नात तर "स्पष्ट करा" म्हटलंय, मत विचारलेलंच नाही. मग थीसिस आणायचा कुठून?

दगडूमास्तर
थीसिससाठी आधी गाईड ठरवा, मग सिनॉप्सिस, मग नोंदणी. पहिल्या वर्षालाच थीसिस मागतात हे नवीनच ऐकतोय. विद्यापीठाचं परिपत्रक तपासा.

तळटीप
मास्तर, इथे प्रबंधाचा विषय नाही. निबंधाचा मुख्य दावा, म्हणजे एक-दोन वाक्यांत "माझं म्हणणं हे, आणि ते यावरून", एवढ्यालाच थीसिस म्हटलंय.

अर्धविराम, खर्ड्यातली पहिली तीन वाक्यं खोडा. ती दिवाळीवरच्या निबंधाला लावली तरी चालतील, म्हणून ती इथे नकोत. पाचवंही खोडा. "अत्यंत महत्त्वाची" म्हणजे कोणासाठी आणि कशात, हे त्यात नाही. उरलं तारखेचं वाक्य आणि शेवटचं. शेवटच्यात तुम्ही काय करणार ते आहे, काय म्हणणार ते नाही. "आढावा घेतला आहे" याला कोणी "नाही, मला पटत नाही" असं म्हणू शकत नाही. ज्याच्याशी वादच घालता येत नाही तो दावा नव्हे.

"स्पष्ट करा" या शब्दाने फसू नका. "स्वरूप" विचारलंय ना? स्वरूप एकाहून जास्त प्रकारे सांगता येतं: राजकीय निषेध, श्रद्धेतला बदल, जातीबाहेर पडण्याचा मार्ग, विधींमधला बदल. यातलं कोणतं प्रतिज्ञांच्या शब्दांवरून सर्वांत नीट दिसतं, ते निवडणं हेच तुमचं मत.

उंबरठा
थीसिसचा ठरलेला साचा आहे. तीन मुद्दे आणि प्रस्तावनेचं शेवटचं वाक्य. उदा. "बावीस प्रतिज्ञांना धार्मिक, सामाजिक आणि राजकीय महत्त्व आहे." मग तीन मुद्द्यांचे तीन परिच्छेद. गुण पडतात.

तळटीप
शेवटी ठेवण्याचं बरोबर आहे, नवख्याने तिथेच ठेवावं. तीन मुद्द्यांचं मात्र अर्धंच बरोबर. "धार्मिक, सामाजिक, राजकीय" हे तीन कप्पे आहेत. वारी, हज, कुंभमेळा, काहीही त्यात बसतं. बावीस प्रतिज्ञा न वाचताही ते वाक्य लिहिता येतं, आणि तपासणाऱ्याला ते लगेच कळतं. शिवाय तीन कप्पे केले की त्यांचा एकमेकांशी संबंध काय हे सांगायचं राहून जातं.

त्यापेक्षा असं करा. प्रतिज्ञांचा पाठ समोर ठेवा आणि प्रत्येकीपुढे एकच शब्द लिहा: ती कशाबद्दल आहे. पहिल्या तीन देवांबद्दल. चौथी अवतारकल्पनेबद्दल, पाचवी बुद्धाला विष्णूचा अवतार मानण्याबद्दल. सहावी श्राद्ध आणि पिंडदान. आठवी ब्राह्मणाकडून क्रियाकर्म करून न घेण्याची. नववी-दहावी समता. अकरावीपासून अष्टांग मार्ग, पारमिता, प्राणिमात्रांवर दया, चोरी, खोटं, व्यभिचार, दारू. एकोणिसावीत जुन्या धर्माचा त्याग.

आता या यादीत खटकतं काय ते शोधा. खटकेल तिथूनच दावा निघतो.

अर्धविराम
तक्ता केला. जुना धर्म थेट नाकारणाऱ्या आठ निघाल्या: १ ते ६, ८ आणि १९. मला खटकलं ते असं, की कर्मसिद्धान्त नाकारणारी एकही प्रतिज्ञा नाही. आणि "बुद्ध आणि त्याचा धम्म" या ग्रंथाच्या प्रास्ताविकात तर कर्म आणि पुनर्जन्माचा प्रश्न आंबेडकरांनी स्वतःच उभा केलाय! नवीन दावा:

"बावीस प्रतिज्ञांमधून असे दिसते की हे धर्मांतर केवळ धार्मिक नव्हते, तर एक संपूर्ण जीवनपद्धती होती."

तळटीप
शोध सोन्यासारखा, वाक्य पितळेचं. सापडलेली गोष्ट त्यात आलीच नाही. "केवळ अमुक नव्हे तर तमुक" हा साचा आला की समजा काहीतरी झाकलं जातंय. "जीवनपद्धती" कोणत्या धर्माबद्दल म्हणत नाहीत?

सापडलं तेच सरळ लिहा. सहावी आणि आठवी एकत्र वाचा. घरात मरण आलं की काय करायचं आणि कोणाला बोलवायचं, यावर त्या बोट ठेवतात. पहिल्या तीन देवघरात कोण बसणार ते ठरवतात. म्हणजे नकाराचा रोख घरातल्या विधींवर आहे, कर्मासारख्या सिद्धान्तावर नाही. हा झाला दावा.

निळीवाट
मध्येच विचारते. आम्ही बौद्ध कुटुंबातले. आमच्यासाठी बाविसावं शतक आलं तरी या प्रतिज्ञा म्हणजे मुक्ती. "या प्रतिज्ञांनी कोट्यवधींना अज्ञानातून मुक्त केले, कारण धम्म हाच सत्य मार्ग आहे" असा दावा का नको? तो तर विसाव्या प्रतिज्ञेलाही धरून आहे.

तळटीप
तुम्ही म्हणता ती श्रद्धा आहे आणि तिला निबंधात जागाही आहे, पण पुरावा म्हणून, निष्कर्ष म्हणून नाही. "धम्म सत्य आहे" हे १५०० शब्दांत सिद्धही करता येत नाही, खोडताही येत नाही. "दीक्षा घेणारे धम्म सत्य असल्याची ग्वाही प्रतिज्ञेतच देतात" हे मात्र पाठ दाखवून सिद्ध होतं. कोण म्हणतं ते जोडलं की श्रद्धेचं वाक्य अभ्यासाचं होतं. उलट टोकाची चूकही तितकीच वाईट: "हे धर्मांतर खरे धार्मिक नव्हते, निव्वळ राजकीय डाव होता." कोणाच्या मनात खरी श्रद्धा होती हे प्रतिज्ञा वाचून कळत नाही. "खरा धर्म", "शुद्ध रूप", "अंधश्रद्धा" हे शब्द दाव्यात दिसले की थांबा.

निळीवाट
हे पटलं. पण मग निबंधात "धर्मांतर" म्हणायचं की "धम्मदीक्षा"? आमच्याकडे दुसरा शब्द वापरतात. पहिल्यात नुसतं सोडून जाणं ऐकू येतं.

तळटीप
प्रश्नपत्रिकेत "धर्मांतर" आहे, म्हणून एकदा तो घ्या. पुढे कोणता चालवणार ते प्रस्तावनेतच एका वाक्यात सांगा. मी "दीक्षा" घेईन.

उंबरठा
मी नाही घेणार. अनुयायांचा शब्द उचलला की निबंध त्यांच्या बाजूचा वाटतो.

मांडवीकाठ
माझा विषय गोव्याचा, म्हापशाची मिलाग्रीस सायबीण, म्हणजे तिथल्या चर्चमधली मेरी माता. फेस्ताला हिंदूही जातात, शिरगावच्या लईराई देवीची ती बहीण मानतात. दावा लिहिलाय: "हे सर्वधर्मसमभावाचे उत्तम उदाहरण आहे." चालेल ना?

तळटीप
तो शेरा झाला, तोही कौतुकाचा. "बहीण" या शब्दाकडे बघा. बहीण म्हटल्यावर नातं टिकतं, पण घरं वेगळी राहतात. दोन्हीकडचे भाविक तिला एकच देवता मानतात की दोन देवतांमधलं नातं मानतात, हा प्रश्न घ्या. त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे गुंता होईल.

अर्धविराम
पूर्ण प्रस्तावना पुन्हा लिहिली:

"१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. आंबेडकरांनी भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून त्रिशरण-पंचशील घेतले आणि नंतर जमलेल्या लोकांना स्वतः दीक्षा दिली. त्या दीक्षेत परंपरेने चालत आलेल्या त्रिशरण-पंचशीलाला त्यांनी बावीस प्रतिज्ञांची जोड दिली. या प्रतिज्ञांकडे बहुधा समतेचा जाहीरनामा म्हणून पाहिले जाते. परंतु समतेचा थेट उल्लेख असलेल्या प्रतिज्ञा दोनच आहेत, तर जुना धर्म नाकारणाऱ्या आठ. या निबंधाचे म्हणणे असे की, नकाराचा रोख कर्मासारख्या सिद्धान्तावर नसून देवपूजा, श्राद्ध आणि पुरोहित यांवर आहे; म्हणून प्रतिज्ञांतून दिसणारे धर्मांतर हे मतांच्या बदलापेक्षा घरातील विधींचा बदल आहे."

तळटीप
आता वाद घालता येतो, म्हणून घालतो. मांडणी उत्तम आहे: प्रसंग, त्यातली वेगळी गोष्ट, रूढ समज, त्याला छेद, मग दावा. लांबीही बेताची. १५०० शब्दांना प्रस्तावना शंभर ते दीडशे शब्दांची असावी. त्याहून वाढली तर पुरावा तिथेच खर्च होतो.

पण दोन भोकं आहेत. चौथी आणि पाचवी प्रतिज्ञा विधींबद्दल नाहीत, त्या सरळ सरळ "मी मानत नाही" असं म्हणतात. अवतार हे मतच आहे. दुसरं, एकविसावीत "नवा जन्म" आहे. तो पुनर्जन्म नव्हे, पण जन्माची भाषा आहे, आणि तपासणारा नेमकं तिथे बोट ठेवेल. दावा गाळायचं कारण नाही, त्याला वेसण घाला: "रोख मुख्यतः". आणि अवताराच्या दोन प्रतिज्ञांना एक पूर्ण परिच्छेद द्या. बुद्धाला अवतार मानलं की त्याची मूर्ती जुन्याच देवघरात बसते, असं दाखवता आलं तर तुमचा अपवादच तुमचा पुरावा होईल.

उंबरठा
"मुख्यतः", "बहुधा" घातलं की दावा लेचापेचा होतो. ठाम लिहावं.

तळटीप
आठांतल्या दोन विरुद्ध जात असताना ठाम लिहिलं, तर तो ठामपणा पहिल्याच पानावर पडतो. "काही अंशी", "एका अर्थी" असे शब्द मात्र नकोत, कारण त्यांतून किती आणि कुठे हे कळत नाही. "मुख्यतः" म्हटल्यावर आठांपैकी किती ते मोजून दाखवता येतं.

अर्धविराम
मोजताना एकोणिसावी कुठे टाकू? ती ना विधीची, ना मताची. अख्खा धर्मच सोडायचा म्हणते.

तळटीप
ती दोन्हीकडे मोजू नका, एवढं नक्की. उरलेल्या सातांपैकी १, २, ३, ६ आणि ८ विधींच्या म्हणाल, तर पहिल्या तिनांतही "देव मानणार नाही" आणि "उपासना करणार नाही" असे दोन भाग आहेत. त्यातलं वजन कोणत्या भागावर, हे तुम्हाला शब्द धरून दाखवावं लागेल.

निळीवाट
"उपासना करणार नाही" वर. घरातले देव काढले गेले तो दिवस घराघरात सांगतात, देव मानणं कधी थांबलं तो दिवस कोणी सांगत नाही.

उंबरठा
ही ऐकीव गोष्ट झाली, प्रतिज्ञांचा पाठ नव्हे. प्रश्नात "प्रतिज्ञांच्या आधारे" म्हटलंय.