ऑफिसच्या मेलमधला टोमणा: तुमचे अनुभव सांगा

हिंजवडीकर: रिलीजच्या आदल्या दिवशी डेव्हलपरची बिल्ड नोट आली नव्हती. मी लिहिलं, 'ॲज पर माय लास्ट टू मेल्स, नोट पाठवण्याची कृपा व्हावी', आणि सीसीत त्याच्या मॅनेजरला घेतलं. नोट दहा मिनिटांत आली. पण आधी बग दाखवायला हाक मारली की तो खुर्ची ओढून शेजारी बसायचा, पाच मिनिटांत काम व्हायचं. आता प्रत्येक बगवर 'नॉट रिप्रोड्यूसिबल' असा शेरा मारतो, लॉग मागतो, दोन दिवस जातात. मागाहून कळलं, माझा पहिला मेल चुकीच्या ग्रुपवर गेला होता. तुमच्याकडे थट्टा कुठे संपली?

बाणेरची: आमच्यात 'सर्व्हर वामकुक्षीला गेलाय, एक ते चार बंद' असं चालायचं. पाचही जण एकत्र डबा खाणारे, त्यामुळे कुणाला लागत नसे. नागपूरहून नवीन आलेल्या मुलाने मात्र ते खरं मानून क्लायंटला तशी वेळ कळवली. तेव्हापासून ही थट्टा मेलवर करत नाही.

पेठेतला: स्मायली टाका, प्रश्न मिटला.

बाणेरची: 'फायनली! थँक्स 🙂' असा मेल आलाय कधी? मला ती स्मायलीच जास्त लागली होती.

एचआर, 14 वर्षं: क्रुगर, एप्ली आणि सहकाऱ्यांचा 2005चा प्रयोग आहे. मेलमधला उपरोध समोरच्याला 78 टक्के वेळा कळेल असं लिहिणाऱ्यांना वाटलं. प्रत्यक्षात कळला 56 टक्के वेळा. नाणं उडवून उत्तर दिलं तरी 50 आले असते. लिहिताना आपला सूर आपल्या कानात असतो, वाचणाऱ्याला नुसती अक्षरं दिसतात. अर्थात ती मंडळी विद्यार्थी होती, ऑफिसातली भांडणं नव्हेत. माझ्याकडे तक्रारी येतात त्यांत वाक्य बहुधा सौम्यच असतं, पण सीसीत नेमकं त्याच मेलला नवं नाव आलेलं असतं. मी आधी तेच बघते. आणि बोलणं सर्व्हरबद्दल आहे की माणसाबद्दल, तेही.

भोसरीचा लघुउद्योजक: म्हणजे आठवणच करायची नाही? माझं बिल तीन महिने अडकलंय. कायद्याने 45 दिवसांच्या आत पैसे यायला हवेत. मागच्या मेलचा उल्लेख केला नाही तर पुरावा कुठून आणू?

एचआर, 14 वर्षं: उल्लेख जरूर करा. '12 तारखेचा मेल खाली जोडलाय, बिल मंजूर झालं का?' एवढं लिहा. पुरावा तारखेत असतो, 'ॲज पर'मध्ये नाही.

भोसरीचा लघुउद्योजक: सौम्य लिहिलं की कुणी उत्तरच देत नाही, हा माझा अनुभव आहे.

हिंजवडीकर: काल त्या डेव्हलपरच्या डेस्कवर जाऊन चूक कबूल केली. 'ठीक आहे' म्हणाला आणि हेडफोन लावला.

बाणेरची: मॅनेजरला कळवलंत का, की पहिला मेल डेव्हलपरला मिळालाच नव्हता?

हिंजवडीकर: नाही. आज त्याच मेलवर, सीसी तशीच ठेवून, लिहितो.