मदत हवी आहे: फोटोतून वाचलेल्या बारकोडचा चेक डिजिट जुळतो, तरीही क्रमांक दुसऱ्याच मालाचा निघतो

शेवंती

नमस्कार. मी एका सहकारी ग्राहक भांडाराच्या मुख्य कार्यालयात काम करते. महिनाअखेरीस शिल्लक मालाची मोजणी होते, तेव्हा शाखांतील कर्मचारी प्रत्येक वस्तूच्या बारकोडचा फोटो काढून नगसंख्येसह व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. मी ते फोटो संगणकावर उतरवून घेते, रेघांखाली छापलेले तेरा अंक टेसरॅक्टकडून वाचून घेते आणि प्रत्येक क्रमांक पुढील फंक्शनमधून तपासते. उत्तर शून्य आले तरच नोंद स्वीकारली जाते.

```python
def baki(s):
    d = [int(c) for c in s]
    return (sum(d[0::2]) + 3*sum(d[1::2])) % 10
```

या वेळी हळदीच्या १०० ग्रॅमच्या पाकिटांची संपूर्ण शिल्लक त्याच कंपनीच्या २०० ग्रॅमच्या खात्यावर चढली. पाकिटावर 8904472650133 छापलेले आहे आणि नोंदीत 8904472650188 आले आहे. (कंपनी ओळखू येऊ नये म्हणून मधले अंक बदलले आहेत, मात्र गणित तसेच राहील असे पाहिले आहे.) फंक्शन दोन्ही क्रमांकांना शून्य देते. अंक चुकीचा वाचला गेला तर चेक डिजिट जुळणार नाही, या भरवशावर ही सगळी व्यवस्था उभी केली होती. फंक्शन चुकले आहे, की या पद्धतीलाच मर्यादा आहे, हे कृपया कोणी सांगू शकेल का?

दशमान

फंक्शन बरोबर आहे. डावीकडून पहिला, तिसरा, पाचवा असे अंक तसेच घ्यायचे, त्यांच्या मधल्या अंकांना तीनने गुणायचे, आणि चेक डिजिटसह एकूण बेरजेला दहाने पूर्ण भाग जायला हवा. एकच अंक चुकला असेल तर तो कोणत्याही स्थानी असला तरी ही तपासणी त्याला हमखास पकडते. दोन अंक एकाच वेळी चुकले तर मात्र साधारण दहात एकदा चूक निसटू शकते, पण मुळात एकाच क्रमांकात दोन अंक चुकणे हीच विरळा गोष्ट आहे. त्यामुळे माझ्या मते दोष वाचनात नसून तुमच्या वस्तूंच्या यादीत आहे. कोणीतरी १०० ग्रॅमच्या पाकिटाला दुसऱ्या पाकिटाचा क्रमांक लावून ठेवला असावा. यादी आधी तपासावी.

चिल्लर

या निमित्ताने माझाही प्रश्न विचारतो. माझ्या दुकानात बाहेरून येणाऱ्या काही लहान चॉकलेटांवर आठच अंक असतात. वरचे फंक्शन वापरून पाहिले, तर त्यांतले जवळजवळ सगळेच क्रमांक चुकीचे ठरतात. हे क्रमांक बनावट समजायचे का?

तिरकस_रेघ

चिल्लर, बनावट नव्हेत. गुणक उजवीकडून मोजायचे असतात: चेक डिजिटच्या लगतच्या अंकाला नेहमी तीन, त्याच्या डावीकडच्याला एक, आणि पुढे तसेच. तेरा अंकांत डावीकडून मोजले तरी योगायोगाने तेच जमते, आठ अंकांत मात्र उलटे होते. क्रमांकाच्या डावीकडे शून्ये जोडून तो तेरा अंकांचा केला (`s.zfill(13)`) की हेच फंक्शन चालेल. अमेरिकेतून येणाऱ्या मालावरच्या बारा अंकी क्रमांकांनाही हाच उपाय लागू पडतो.

आता शेवंतीताईंच्या प्रश्नाकडे येतो. दशमान यांचे एका अंकाविषयीचे म्हणणे अगदी बरोबर आहे, पण «दहात एकदा» हा हिशेब येथे लागू होत नाही, कारण त्यात दोन्ही चुका कशाही आणि एकमेकींपासून स्वतंत्रपणे होतात असे गृहीत धरलेले आहे. फोटोतून अंक वाचताना तसे घडत नाही. प्लास्टिकच्या पाकिटावर प्रकाश चमकला, शाई थोडी पसरली किंवा पाठवताना फोटो लहान झाला, की 3 या अंकाच्या डावीकडच्या मोकळ्या जागा बुजतात आणि तो 8 दिसू लागतो. ज्या कारणाने पहिला 3 बिघडला, त्याच कारणाने त्याच्या शेजारचा 3 देखील बिघडतो. चुका जोडीनेच येतात.

या जोडीचे गणित नेमके गैरसोयीचे आहे. 3 आणि 8 यांच्यातला फरक ५ आहे. गुणक १ असलेल्या स्थानी ही चूक झाली तर बेरीज ५ ने वाढते, गुणक ३ असलेल्या स्थानी झाली तर १५ ने. दोन्ही वेळा शेवटचा अंक पाचनेच सरकतो. म्हणून अशी एक चूक पकडली जाते, पण दोन झाल्या की बेरीज १०, २० किंवा ३० ने वाढते आणि बाकी पुन्हा शून्यच राहते. म्हणजे येथे दहात एकदा नव्हे, दहापैकी दहाही वेळा चूक निसटते.

तुमचेच उदाहरण घ्या. 8904472650133 मध्ये एकपट घ्यायच्या पहिल्या सहा अंकांची (8, 0, 4, 2, 5, 1) बेरीज २० आहे. तिप्पट घ्यायच्या अंकांची (9, 4, 7, 6, 0, 3) बेरीज २९, तिची तिप्पट ८७. एकूण १०७, त्यात चेक डिजिटचे ३ मिळवून ११०. आता शेवटचे दोन्ही 3 बदलून 8 करा. तिप्पट घ्यायची बेरीज ३४ होते, तिची तिप्पट १०२, एकूण १२२, आणि चेक डिजिटचे ८ धरून १३०. दोन्ही क्रमांक निर्दोष आहेत. एकच 3 बिघडला असता तर ११५ किंवा १२५ आले असते आणि बाकी ५ दिसली असती.

यादीत घोटाळा असेलच असे नाही, हेही यावरून दिसते. कंपन्या आपल्या वस्तूंना पुष्कळदा ओळीने क्रमांक देतात. तेराव्या वस्तूचा क्रमांक 013 आणि अठराव्या वस्तूचा 018 असेल, आणि पहिलीचा चेक डिजिट 3 असेल, तर दुसरीचा 8 येणे भागच आहे. त्यामुळे चुकीचा क्रमांक हवेत न लटकता त्याच कंपनीच्या दुसऱ्या पाकिटावर जाऊन बसतो.

दशमान

पाचच्या फरकाचा मुद्दा मान्य आहे. लगतच्या दोन अंकांची अदलाबदल झाली तरी याच कारणाने फरक पाच असेल तर ती निसटते, हे मला ठाऊक होते, पण वाचनाच्या चुकीशी त्याचा संबंध जोडला नव्हता. तरीही यादी एकदा पाहावी, असे मी म्हणेनच. दोन्ही शक्यता खुल्या ठेवायला हव्यात.

शेवंती

यादी पाहिली. दोन्ही पाकिटांच्या नोंदी बरोबर आहेत. फोटो मोठा करून पाहिला, तेव्हा शेवटचे दोन्ही अंक पाकिटाच्या चमकत्या घडीवर आलेले दिसले. मग तपासणी अधिक कडक कशी करावी?

तिरकस_रेघ

तपासणी कडक करण्यापेक्षा वाचायची गोष्टच बदला. खालचे अंक माणसाच्या सोयीसाठी छापलेले असतात, खरी माहिती रेघांत असते, आणि रेघांत 3 व 8 एकमेकांसारखे मुळीच दिसत नाहीत. शाखेकडून आलेला मूळ फोटो असेल तर हे करून पाहा:

```
zbarimg --raw -Sdisable -Sean13.enable photo.jpg
```

हा प्रोग्राम रेघा वाचतो आणि चेक डिजिट न जुळणारा क्रमांक बाहेर देतच नाही.

तुमच्या हळदीच्या पाकिटापुरते बोलायचे तर डोळ्यांनीही निवाडा करता येईल. उजव्या टोकाला दोन बारीक रेघांची जोडी असते आणि ती खाली थोडी जास्त उतरलेली असते. शेवटचा अंक 3 असेल तर त्याची अखेरची बारीक रेघ या जोडीपासून एकाच एककावर, म्हणजे एका बारीक रेघेच्या जाडीएवढ्या अंतरावर असते, त्यामुळे टोकाला सारख्या अंतराच्या तीन बारीक रेघा दिसतात. शेवटचा अंक 8 असेल तर मध्ये तीन एककांची मोकळी जागा पडते आणि टोकाची जोडी वेगळी उठून दिसते. फोटोत अंक बुजलेले असले तरी हा फरक बहुधा दिसतो, कारण रेघा उंच असतात आणि चमक त्यांच्या सगळ्या उंचीवर क्वचितच पसरते.

शेवंती

तीन रेघा सारख्या अंतरावरच आहेत, म्हणजे पाकीट १०० ग्रॅमचेच! बाकीच्या फोटोंवर आज्ञा चालवली. बहुतेकांचे क्रमांक मिळाले, पण बऱ्याच फोटोंना ती काहीच उत्तर देत नाही, जरी त्यातल्या काहींत रेघा मला स्वच्छ दिसतात.

तिरकस_रेघ

ते फोटो रेघांच्या अगदी कडेला कापलेले आहेत का, ते पाहा. रेघांच्या डावीकडे ११ आणि उजवीकडे ७ एककांची कोरी जागा मानकात धरलेली असते, आणि ती कापली गेली की बारकोड कोठे सुरू होतो हे प्रोग्रामला ठरवता येत नाही. कडांची जागा आणि ९५ एककांच्या रेघा मिळून ११३ एकके होतात. एका एककाला किमान दोन पिक्सेल तरी हवेत, म्हणून या सगळ्याची रुंदी सव्वादोनशे पिक्सेलच्या खाली गेली की मी आशा सोडतो. शाखांना फोटो न कापता, व्हॉट्सअ‍ॅपवर «डॉक्युमेंट» म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे तो लहान होणार नाही.

शेवंती

होय, कापलेलेच आहेत, कारण टेसरॅक्टला सोपे जावे म्हणून मीच तशी सूचना दिली होती. काही फोटोंत तर केवळ अंकांची पट्टी आहे, रेघाच नाहीत. त्या नोंदींचे काय करावे? त्यातला माल आता विकलाही गेला असेल.

दशमान

अशा प्रत्येक क्रमांकातील 3 आणि 8 यांची जोडीजोडीने अदलाबदल करून जे क्रमांक तयार होतात, ते यादीत शोधा. सुरुवातीच्या 890 मधला 8 सोडून द्या, तो भारतात नोंदलेल्या कंपन्यांचा ठरलेला आरंभ आहे. तयार झालेला दुसरा क्रमांक यादीत नसेल तर मूळ नोंद बिनधास्त ठेवावी.

तिरकस_रेघ

«बिनधास्त» म्हणणार नाही, पण चाळणी चांगली आहे. 890 वगळता क्रमांकात असे चार अंक असतील, तर मूळ धरून आठ क्रमांक चेक डिजिट जुळणारे निघतात, आणि त्यांतले बहुतेक यादीत नसतात. मात्र हळदीसारख्या ठिकाणी दोन्ही क्रमांक यादीत असतात, आणि तेथे अंकांच्या पट्टीवरून निर्णय होणारच नाही. त्या नोंदी अनिश्चित म्हणून वेगळ्या ठेवून विक्रीच्या आकड्यांशी ताडून पाहणे एवढेच मला सुचते.

शेवंती

चाळणी लावली. आता थोड्याच नोंदी अनिश्चित उरल्या आहेत, पण त्यांत मसाल्यांच्या दोन कंपन्या पुन्हा पुन्हा येतात आणि त्यांची विक्री शाखांनी एकत्रित लिहिलेली असल्यामुळे ताडून पाहता येत नाही. आणखी एक विचारायचे आहे. पुढील महिन्यापासून रेघा आणि अंक दोन्ही वाचून घेणार आहे. दोहोंत फरक आला तर रेघांचेच खरे मानावे का?

तिरकस_रेघ

बहुतेक वेळा होय, पण आपोआप नव्हे. रेघा जाड छापल्या गेल्या तर त्यांतही 1 आणि 7, किंवा 2 आणि 8 यांच्यात गोंधळ होऊ शकतो. तेथे फरक सहाचा असल्यामुळे एकाच दिशेच्या दोन चुका चेक डिजिट पकडतो, एवढा दिलासा आहे. दोन्ही वाचने जुळली तर नोंद घ्यावी, जुळली नाहीत तर फोटो माणसाने उघडून पाहावा.

चिल्लर

शून्ये जोडल्यावर माझे सगळे क्रमांक जुळले, एक वगळता. त्यावर 2 ने सुरू होणारे तेरा अंक आहेत आणि तोच सुकामेवा प्रत्येक वेळी वेगळ्या क्रमांकाचा येतो.

तिरकस_रेघ

तो दुकानाने वजन करून स्वतः छापलेला क्रमांक असावा. त्यात पुष्कळदा वजन किंवा किंमतच भरलेली असते, म्हणून प्रत्येक पुडीचा क्रमांक निराळा येतो. अंकांची मांडणी दुकानागणिक वेगळी असते, तेव्हा ती ज्यांच्याकडून माल घेता त्यांनाच विचारावी लागेल.